तू काय करतोस, हे विचारायचं नाही!

शाळेच्या मित्रांचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे आपोआप साठतात. टाकवत नाहीत आणि काय करायचं तेही कळत नाही. आमची अंधेरीची मराठी शाळा सुटून जन्म लोटला. आता दरवर्षी आम्ही एका छोट्या हॉलवर जमतो, जेवतो आणि घरी परतताना प्रत्येकाला वाटतं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. निदान मला तरी वाटतं.

*

पहिल्या गेट-टुगेदरला माईक होता. तिथेच वाट लागली! प्रत्येकाने उभं राहून नाव, हुद्दा आणि मुलं कुठे असतात ते सांगायचं. नंदू अमेरिकेहून आलेला. त्याने घर, घरामागची बाग आणि बागेत येणारी हरणंसुद्धा सांगितली. मग माझी पाळी. रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेला मी, हरणं कुठून आणू? "कॉलेजात शिकवायचो," एवढं बोलून खाली बसलो आणि दिवसभर मला आपलं आयुष्य आखूड वाटत राहिलं.

माझ्यानंतर सावंत. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. त्याच्या नावाचा पुकारा झाला तर खुर्ची रिकामी!

"पाणी प्यायला गेलाय," कोणीतरी म्हणालं.

तो पाणी प्यायला थेट घरी गेला होता. न जेवता.

*

सुलभा आमची शाळेतली मॉनिटर, अजूनही मॉनिटरच आहे. तिने फर्मान काढलं, "पुढच्या वेळी माईक बंद! नोकरी, फ्लॅट, मुलं, कोणी कोणाला काही विचारायचं नाही." मग सावंतला स्वतः फोन करून यायला राजी केलं आणि मला बजावलं, "पद्या, तो तुझ्या शेजारी बसेल. या वेळी तो जेवून गेला पाहिजे. सांभाळ!"

त्या रात्री मी बायकोसमोर प्रश्नांची तालीम केली. कोणते विचारायचे, कोणते टाळायचे.

"व्हायवा आहे का सावंतची?" तिने विचारलं.

"त्याची नाही गं, माझी!"

*

नियम लागू झाला आणि पाच मिनिटांत आम्हा सगळ्यांचे विषय संपले. इतके दिवस आपण एकमेकांशी नेमकं काय बोलत होतो, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. शेवटी नंदूने धीर केला. "आज काय उकडतंय ना? आमच्याकडे तर या दिवसांत..."

"नंदू!" सुलभा कडाडली. "'आमच्याकडे' हा शब्दपण बंद!"

बिचारा उरलेला वेळ रुमालाने वारा घेत बसला.

*

मग कोणीतरी तब्येतीचा विषय काढला. म्हातारपण सगळ्यांना सारखं, तुलना होणार नाही, असं मलाही वाटलं. पण एकाने शुगर सांगितली, दुसऱ्याने त्याहून जास्त सांगितली, तिसऱ्याने शर्टाचं बटण काढून बायपासची खूणच दाखवली! शुगरवाल्याचा चेहरा पडला.

"आजारातसुद्धा पहिला नंबर पाहिजे का रे तुम्हाला?" सुलभा म्हणाली.

*

मासळीचा विषयही असाच गेला. तांडेल आमचा वर्सोव्याचा, कोळीवाड्यातला. त्याच्या घरची बोट आहे, आता मुलगा समुद्रात जातो. विषय त्याच्या हक्काचा, म्हणून मी खूश. पण एक जण म्हणाला, "आमच्या घरी सुरमईशिवाय चालत नाही." लगेच दुसरा ताठरला, "आम्हाला बांगडा पुरतो!"

"घ्या!" तांडेल म्हणाला. "माशांचीपण मेरिट लिस्ट लागली!"

त्याला बरं वाटावं म्हणून शुगरवाला पुढे सरसावला. "तांडेल, खरा सुखी तूच रे! समुद्र, मोकळी हवा, टेन्शन नाही."

तांडेल मनापासून हसला. "मग ये ना पहाटे. पोराबरोबर जाळं ओढ. येताना थोडी मोकळी हवा घेऊन जा घरी!"

तेव्हा मला कळलं, 'तू सुखी' म्हणणं हीसुद्धा तुलनाच. फक्त साखर लावलेली.

*

या सगळ्यात सावंत माझ्या शेजारी शांत बसलेला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. मी तालमीतला पहिला प्रश्न उचलला, 'कसा आलास?' पण तोंडाशी येताच शंका आली. तो बसने आला असेल तर? आपल्याकडे गाडी नाही, असं त्याला वाटलं तर? मी प्रश्न तासत गेलो, तासत गेलो आणि शेवटी विचारलं,

"आलास ना?"

सावंतने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाय," तो म्हणाला. "अजून वाटेत आहे."

*

आठवणी मात्र चालल्या. गणिताचे सर खडू फेकायचे आणि तो नेहमी मागच्या बाकावरच्या निरपराध मुलाला लागायचा, हे मी काढलं. सावंत खुलला. "मेल्या, तू खाली वाकायचास म्हणून लागायचा!" आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. झकास चाललंय, असं वाटलं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "पद्या काय, पहिला यायचा ना दरवर्षी!"

सावंत हसायचा थांबला. मी लगेच म्हटलं, "पंखा लागतोय ना तुला? खुर्ची बरी आहे ना? पाणी आणू?"

पाणी म्हटल्यावर मलाच गेल्या वेळची रिकामी खुर्ची आठवली.

*

आणि तेच झालं. जेवणाची भांडी उघडली, कोंबडीवड्यांचा वास सुटला आणि सावंत उठला. दाराकडे निघाला! सुलभाने दुरून माझ्याकडे असं पाहिलं, की गृहपाठ न आणल्यासारखं वाटलं. मी धडपडत त्याच्यामागे गेलो.

"सावंत, जेवून जा ना रे! काही चुकलं का? कोणी काही विचारलं का तुला?"

तो गर्रकन वळला. "तेच तर! माका कोण कायच विचारीत नाय!"

जेवणाच्या टेबलाशी जमलेले सगळे वळून बघायला लागले.

"नंदूला विचारता, कधी आलास. तांडेलला मासळीचं विचारता. आणि मला? पंखा लागतोय का! मी काय तुरुंगातून सुटून आलोय? तेव्हा माईकवर सांगायचं नव्हतं म्हणून गेलो, पण बाजूला बसूनपण कोण सरळ विचारत नाय!"

माझी सगळी तालीम मी तिथेच सोडून दिली. सुलभाकडे बघायची हिंमत नव्हती. मी म्हणालो,

"सावंत, तू काय करायचास रे इतकी वर्षं?"

"लिफ्टमन होतो," तो म्हणाला. "सांताक्रूझला. एकाच बिल्डिंगमध्ये, रिटायर होईपर्यंत."

नंदूने घाईघाईने, जरा मोठ्यानेच म्हटलं, "अरे वा! छान, छान!"

"छान काय रे त्यात?" सावंत त्याच्यावर उखडला. "दिवसभर बंद पेटीत! कंटाळा यायचा, कंटाळा! तुला नाय यायचा तुझ्या कामाचा?"

नंदू हसायला गेला, पण हसला नाही. हातातली ताटली त्याने टेबलावर ठेवली.

"यायचा रे," तो हळूच म्हणाला. "फार यायचा."

सावंत दारापासून परत आत आला. मग त्याने नंदूच्या शेजारची खुर्ची ओढली.

"बस," तो म्हणाला. "वडे गरम आहेत. सांग."