दोन रांगांमधले साडेसहा फूट

मोरवा गावचा आत्माराम घरत कुठल्याही गच्चीवर चढला की आधी चपला काढायचा. देवळात शिरावं तशा. ऐन मे महिन्यातसुद्धा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "तलव्याला उतार कलतो. डोल्याला न्हाय कलत."

पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या सोलर हीटरसाठी लोखंडी स्टँड वेल्ड केले. आधी एका डीलरकडे, मग डीलरचा मुलगा स्वप्नील धंद्यात आला तेव्हा त्याच्याकडे. पॅनल कुठे बसवायचं, रांगा कशा टाकायच्या हे ठरवायचा आत्माराम, आणि सोसायटीच्या कागदावर सही असायची स्वप्नीलची. बावन्नाव्या वर्षी, २००७ साली, त्यानं नोकरी सोडली.

"आता काय मनात हाय?" बायको चंद्रावतीनं विचारलं.

"माज्या नावानं काम करायचं. एक बिल्डिंग चांगली उतरली की दुसरी आपोआप येल."

"आनि पहिलीच वाकडी गेली तर?"

"का जाईल? मला काय येत न्हाय?"

खरंच त्याला सगळं येत होतं. आणि रांगांमधल्या अंतराचं शहाणपण तर तिच्याच माहेरचं होतं. तिचं माहेर उत्तनला. तिथे बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या करतात. लग्नाच्या पहिल्या थंडीत सासूबाईंनी जावयाला दाखवलं होतं, की दोन वलांड्या जवळ घेतल्या तर पौषात पुढचीची सावली मागचीवर पडते आणि मागचे बोंबील ओले राहून कुजतात. उन्हाळ्यात कशाही लावा, चालतं. माप घ्यायचं ते थंडीतल्या सावलीचं. आत्मारामनं तेच पॅनलना लावलं. अंगणात पाच फुटी पाइप उभा करून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेनऊला, त्यानं उत्तरेकडे पडलेली सावली मोजली. सहा फुटांच्या थोडी वर. पॅनलच्या मागे टाकी बसली की एका युनिटची उंचीही पाच फुटांच्या आसपासच होते. म्हणून दोन रांगांत साडेसहा फूट. सावली मागच्या काचेवर चढत नाही, आणि माणसाला बादली-वायपर घेऊन निवांत फिरता येतं.

पहिलं काम मिळालं गोडदेवच्या एका सोसायटीत. सहा मजले, चोवीस घरं. प्रत्येक घराला वेगळं पॅनल, वेगळी टाकी, वेगळा पाइप. एकच मोठी टाकी घेऊ, असं आत्माराम म्हणाला होता. पण सेक्रेटरी जयकुमारभाईंनी हात जोडले.

"घरतभाऊ, एक टाकी म्हणजे रोज भांडण. कोणी दोन बादल्या घेतल्या, कोणी चार. ज्याचं त्याचं वेगळं द्या. वर फ्लॅटचा नंबर रंगवून द्या."

बरं, म्हणाला आत्माराम. आठ-आठच्या तीन रांगा, तोंड दक्षिणेला. अनवाणी पायांनी त्यानं खडूनं सगळी गच्ची आखली. तीन रांगा आणि मधल्या दोन वाटा मिळून चौतीस फूट.

संध्याकाळी कमिटी वर आली. कमिटी खडूच्या रेषांकडे बघत राहिली.

"हे तर अर्ध्याच्या पुढे गेलं," जयकुमारभाई म्हणाले. "नवरात्रीत गरबा कुठे खेळायचा? फेब्रुवारीत आमच्या रीमाची हळद आहे, मंडप कुठे टाकायचा?"

"वाटा लागतील साहेब. सावलीसाठी."

"कसली सावली? इथे उन्हाने टाळू जळते!"

"थंडीत पडेल."

"असं करा, उद्या दुपारी बघू. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला दहा-बारा जण छत्र्या घेऊन गच्चीवर जमले. आत्मारामनं पाइप उभा केला. मे महिन्याचा मध्य. सूर्य बरोब्बर डोक्यावर. पाइपला सावलीच नव्हती. पायथ्याशी एक काळा ठिपका, बस.

"अरे, सावली गेली कुठे? घरतभाऊ, खिशात घातली का?"

सगळे हसले. चौथ्या मजल्यावरच्या शुभदाताई, शाळेत शिकवणाऱ्या, दादरहून इथे राहायला आलेल्या, त्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

"आज न्हाय दिसनार," आत्माराम म्हणाला. घाम डोळ्यांत उतरत होता. "डिसेंबरात या."

"डिसेंबरपर्यंत काय थंड पाण्याने आंघोळ करू?" जयकुमारभाई आवाज खाली आणून म्हणाले, "दोन-दोन फूट ठेवा. पंचवीस फुटात बसवा. नाहीतर राग मानू नका, स्वप्नीलभाई कालच येऊन गेले. ते बोलले, दोन फूट भरपूर झाले."

आत्माराम खाली बसला. खडूची रेष बोटानं पुसत राहिला. स्वप्नीलला हे माहीत होतं. आत्मारामनंच त्याला शिकवलं होतं.

"आणि एक," जयकुमारभाईंनी कागद पुढे केला, "इथे लिहून द्या. बारा महिने कडक पाणी. तुमची जबाबदारी. नवीन माणूस आहात, सभासद विचारतात."

त्या वेळी उठून चपला घालायला हव्या होत्या. जिना उतरायला हवा होता. आत्मारामनं सही केली.

घरी चंद्रावतीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "वाटा किती सोडल्या?"

"दोन फूट."

तिनं तव्याकडे पाठ केली. "अवो, आयनं काय दावलं व्हतं तुमाला?"

"नाव व्हायला पायजे आधी. मग पुढच्या बिल्डिंगीत माज्या मापानं करीन."

मागे तव्यावर भाकरी करपली.

जूनच्या आधी काम उतरलं. सुंदर उतरलं. सगळे स्टँड एका सुतात, जोड गुळगुळीत. पुढची रांग कुणाची हे कमिटीनंच ठरवलं, आणि कमिटीतल्या पाचही जणांचे नंबर पुढच्या रांगेत आले. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पावसाळ्यानंतर चोवीस घरांत चटका बसेल असं पाणी येऊ लागलं. शुभदाताईंनी गच्चीवर त्याला गाठून पेढा दिला. शेजारच्या दोन सोसायट्यांनी बोलावून विचारपूस केली. एकीनं तर गच्चीची किल्लीही दिली, माप घ्यायला.

दिवाळी झाली. दिवस लहान झाले. सूर्य दक्षिणेकडे कलला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. शुभदाताईंचा.

"आत्मारामकाका, आमच्या पाण्याला काय झालंय? बादलीत हात घातला की वाटतं, पाण्यालाच हुडहुडी भरलीये."

"वर कुठली रांग तुमची?"

"मधली. मागच्या रांगेतल्या सगळ्यांचंही तसंच आहे. आणि पहिल्या मजल्यावर जयकुमारभाईंकडे वाफा येतायत! हे कसं काय?"

"सगल्यांना रविवारी साडेनवाला वर बोलवा," आत्माराम म्हणाला. "मी येतो."

रविवारी गच्ची भरली. शाली, स्वेटर, हातात चहाचे कप. आत्माराम अनवाणी उभा होता. दोन रांगांच्या फटीत पाइपांची गुंतागुंत, त्यावरून उडी मारल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. काचेवर पावसाळ्यानंतरची सगळी धूळ, कारण पुसायला हात पोचत नव्हता. पण धुळीचं जाऊ द्या. पुढच्या टाक्यांची सावली मागच्या पॅनलवर सरळ रेषेत पडली होती. खालचा चाळीस टक्के भाग काळा.

"ही बघा," आत्माराम म्हणाला. "ही मे महिन्यातली सावली. तवा दिसत न्हवती ती."

कुणी हसलं नाही.

"दुपारी जाते का?" कुणीतरी विचारलं.

"थोडी उतरते. जात न्हाय. दुपारी बारालापन तिसरा हिस्सा झाकलेला असतो. फेब्रुवारीपर्यंत असंच."

"मग उपाय?" शुभदाताई.

"रांगा सरकवायच्या. साडेसहा फूट. मी करतो. माजी मजुरी न्हाय घेत. फक्त जागा द्या."

क्षणभर त्याला वाटलं, झालं. आठ घरं पुढे, सोळा मागे. सोळा म्हणजे बहुमत. तो शुभदाताईंकडे बघत होता.

"म्हणजे मंडपाची जागा जाणार," जयकुमारभाई म्हणाले.

"थोडी."

"थोडी नाही, नऊ फूट. रीमाच्या हळदीला लोक काय जिन्यात बसवू?"

"आणि आमचं सत्यनारायणाचं?" मागच्याच रांगेतला एक जण बोलला. "पंगत गच्चीवरच असते."

"गरबा पण."

"पापड कुठे घालायचे?"

"अहो, पाणी गरम पाहिजे की गरबा?" शुभदाताई चिडून म्हणाल्या.

"दोन्ही पाहिजे ताई! पैसे भरलेत!"

मग पाचव्या मजल्यावरचा अभिनव, बँकेत काम करणारा, पुढे झाला. "एक मिनिट. पुढच्या रांगेला प्रॉब्लेम नाही ना? मग पुढची रांग नेहमी त्याच लोकांना का? चिठ्ठ्या टाका. दर जानेवारीला. पाइप बदलायचे, बस."

मग ज्या झपाट्यानं लोकांना ते आवडलं, ते बघून आत्मारामचं तोंड उघडंच राहिलं.

"बरोबर आहे! न्याय आहे!"

"गणपतीसमोर टाकू!"

"पन सोला घरं दर वर्षी कोमटच राहनार," आत्माराम ओरडला. "हे काय चाललंय? जागा हाय! गच्ची रिकामी पडलीय तिकडं!"

"तुम्ही बोलू नका," जयकुमारभाई वळले. "बारा महिने कडक पाणी, ही सही कोणाची?"

"तुमी दोन फूट बोललात."

"मी व्यापारी माणूस आहे. मला काय सोलर कळतं? तुम्हाला कळत होतं ना? मग सही का केली?"

शुभदाताईंनी मान खाली घातली. त्या काही बोलतील, असं त्याला वाटलं होतं. त्या चहाचा कप विसळायला टाकीकडे गेल्या.

इतिवृत्तात एक ओळ आली: ठेकेदाराने निष्काळजीपणे काम केल्याने अडचण उद्भवली. आठवड्यात ती गोडदेवभर झाली. गच्चीची किल्ली देणाऱ्या सोसायटीनं माणूस पाठवून किल्ली परत मागून घेतली.

संक्रांत झाल्यावर आत्माराम स्वप्नीलच्या दुकानात गेला. बराच वेळ बाकावर बसला. स्वप्नीलनं स्वतः उठून पाणी दिलं.

"काका, घर तुमचंच आहे. उद्यापासून या. पण साइटवर अंतराचं भाषण नको. लोकांना हवं ते द्यायचं."

"बरं."

"आणि पहिलं काम गोडदेवलाच आहे. चिठ्ठ्या निघाल्यात त्यांच्या. पाइप बदलून द्यायचेत."

आत्माराम दुसऱ्या दिवशी तिथे गेला. दोन फुटांच्या फटीत बसता येईना, म्हणून कुशीवर आडवा होऊन त्यानं जुने जोड सोडवले. अंगाखाली थंड सिमेंट होतं, वर टाक्यांची सावली.

दहाच्या सुमारास शुभदाताई चहा घेऊन वर आल्या. खूश होत्या.

"काका, आमची चिठ्ठी निघाली! पुढची रांग! आता बघा कसं कडक येतं ते."

"चांगलं झालं."

"तुमच्यावर उगाच आलं हो सगळं. मला त्या दिवशी वाईट वाटलं." त्या वाकल्या, कप त्याच्या हाताशी ठेवला. "आमच्या जागी मधल्या रांगेत कोण आलंय?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदीआजी. एकट्या ऱ्हातात त्या."

शुभदाताईंनी मधल्या रांगेकडे पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "वर्षाचाच तर प्रश्न आहे."

आत्मारामनं पाना घट्ट धरला आणि आजींचा पाइप सावलीतल्या पॅनलला जोडला.