उपासाचं पथ्य

माझं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, आणि आमच्या घरच्या बायकांना त्याच्याबद्दल आठवतं ते इतकंच, की ते केवढं गुटगुटीत होतं. त्याला पोटात घेऊन मी नऊ महिने केळी, शिरा आणि गुळाचा सांजा खाल्ला होता. अंगात साखर वाढते आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मेल्या बाळाच्या गालांचं कौतुक करायला कुठलं अज्ञान लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या वेळी सहावा महिना लागला तशी माझी आई मला शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर उकळवली. निळं होतं ते विटकरी झालं, म्हणजे लघवीत साखर. मग रक्त धुळ्याला तपासायला पाठवलं आणि खात्री झाली. या बाळालाही तोच धोका होता.

बाईंचं पथ्य साधं होतं. साखर, गूळ, केळी बंद. सकाळी अर्धीच भाकरी, कारण तेव्हा साखर लवकर चढते, आणि तिच्याबरोबर वाटीभर दही. दुपारी आणि संध्याकाळी एकेक भाकरी, वाटीभर डाळ, पालेभाजी मात्र पोटभर. भाकरी म्हणजे मूठभर पिठाची. हे त्यांनी मुद्दाम बजावलं, कारण आमच्या तापीकाठच्या भाकरीखाली ताट झाकलं जातं. मधल्या वेळी, दोन जेवणांच्या अधेमधे, मूठभर फुटाणे किंवा एक पेरू. रात्री झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध आणि थोडे शेंगदाणे. उपाशी मात्र राहायचं नाही, थोडं थोडं पण वेळेवर खायचं.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकलं, आणि त्यातून एकच शब्द उचलला, पथ्य. पथ्य म्हणजे उपास, आणि उपास त्यांच्याइतका कुणाला कळतो? दुसऱ्या दिवसापासून मला भाकरी दिसेना. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि बटाट्याची भाजी, मधल्या वेळी उकडलेलं रताळं.

"दोन जीवनी शे ती, तिले उपाशी कशी ठेवानी?" त्या शेजारणींना सांगत. "हाई उपासनं शे. यामा काय साखर शे?"

शेजारणी माना डोलवत. एकादशीला देवाला चालतं ते बाळाला का चालणार नाही, असा सगळ्यांचा हिशोब. मी भाकरी मागितली तर मला खादाड ठरवण्यात आलं. नवरा दोघींच्या मधे बसून निमूटपणे ताक पीत असे. त्याला ताकाचं पथ्य कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला सासूबाई स्वतः बरोबर आल्या, शाबासकी घ्यायला. बाईंनी नळी उकळवली. ती पुन्हा विटकरी, पहिल्यापेक्षा गडद.

"काय खाल्लं?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. बाईंनी नळी खाली ठेवली.

"मावशी, साबुदाणा, बटाटा, रताळं सगळं पिठूळच. पोटात गेलं की त्याची साखरच होते. देवाला चालत असेल, हिला नाही. आठवडाभरात रंग बदलला नाही, तर इंजेक्शनं सुरू करावी लागतील. आणि साखर अशीच राहिली, तर हे मूलही जाईल."

घरी आल्यावर मी स्वतः पीठ मळायला बसले. मूठ भरून पीठ घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली. ती बघून सासूबाई म्हणाल्या, "हाई काय भाकर शे? चानकी शे, कुत्राले टाकाले."

"तीच खाईन," मी म्हणाले, आणि खाल्ली. वरून मेथी, मुगाची डाळ, कांदा. दहा मिनिटांत त्या दुसरी वाढायला आल्या, मी ताटावर हात धरला. फुटाण्यांची पुरचुंडी मी पदराला बांधून ठेवू लागले, म्हणजे वेळ चुकायला नको. आठवड्यानंतर नळी हिरवट झाली आणि त्याच्यानंतर निळीच राहिली.

सातव्या महिन्यात ओटी भरायला गाव लोटलं. प्रत्येकीच्या ताटात लाडू. मी ओटी घेतली, लाडू परत केले. एक बाई तर म्हणाली, पोराचा घास हिनेच तोडला. लाडू मात्र त्यांनी तिथेच बसून संपवले, एकही उरला नाही.

मुलगा झाला शहाद्याला, वेळेवर, बेताच्या अंगाचा. गावी आणला तेव्हा सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, दंड चाचपले आणि सगळ्या बायकांसमोर तोंड वाकडं केलं.

"कितला बारीक शे पोऱ्या. पहिला कसा गुटगुटीत व्हता."

तो तेव्हा घर डोक्यावर घेऊन रडत होता.

"व्हता," मी म्हणाले. "पण तो रडना नई."