कायद्यात बसणारी बॅट

टेबल टेनिसच्या नव्या नियमाने निव्वळ स्पंजाची बॅट बेकायदा ठरवली, आणि नेमकी तीच बॅट मी पत्नीसाठी घेतली होती. साल एकोणसाठ, जालन्यात माझी वकिली नुकती सुरू झाली होती. क्लबात स्त्रियांसाठी टेबल टेनिसची वेळ राखून मिळावी म्हणून मी तीन अर्ज केले होते. वेळ मिळाली, आणि पत्नीचा पहिला चेंडू भिंतीवर, दुसरा खिडकीबाहेर गेला.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई हे," ती म्हणाली. "उद्यापासून मी येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी बॅट, नियमांचा कागद आणि संताप घेऊन मी दुकान गाठले. तिलाही आग्रहाने सोबत नेले.

"वकीलसाब, जपानी माल आहे! बिलकुल जगज्जेत्याच्या हातातला!" दुकानदार म्हणाला.

"त्या जगज्जेत्यालाही आता ही बॅट चालत नाही. वाचा! बदलून न दिल्यास उद्या नोटीस येईल."

त्याने स्पंजावर रबर चिकटवलेली दुसरी जपानी बॅट पुढे केली. मी पट्टीने जाडी मोजली. चार मिलिमीटरच्या आत. कायदेशीर! मी विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहिले.

ती काउंटरच्या टोकाला उभी राहून एकेका बॅटवर चेंडूला टप्पे देत होती. मी मोजलेली बॅट घेऊन तिने दोन टप्पे दिले. तिसऱ्याला चेंडू वह्यांच्या गठ्ठ्यात गेला.

"कायद्यात बसती, हातात बसत न्हाई. स्पंज चेंडूला ढकलून देतो."

मग तिने मेरठची साधी बॅट उचलली: पाच पातळ थरांचे लाकूड, त्यावर स्पंजाविना दाणेदार रबर. शेजारची इंग्लंडची बॅट तशीच होती, पण मूठ तिच्या हाताला जाड. मेरठच्या बॅटवर चेंडू टक्‌ टक्‌ करत जागच्या जागी नाचत राहिला.

"हीच!" ती म्हणाली.

चेंडू मात्र मी निवडले. काउंटरवर फिरवून पाहिले. जे डुगडुगले ते परत केले. जे स्थिर फिरले, त्यांचे दोन्ही अर्धे भाग अंगठ्याने दाबून सारखेच टणक आहेत याची खात्री केली.

"वकीलसाब, साक्षीदाराची उलटतपासणी चालू आहे का?" दुकानदाराने विचारले. पत्नी इतकी हसली की माझ्या नोटिशीचा मसुदा मनातच विरला.

संध्याकाळी क्लबात तिचा चेंडू जाळीवरून अलगद माझ्या बाजूला उतरू लागला. मला स्पंजाच्या वेगाची सवय. मी पुढे वाकेपर्यंत चेंडू खाली. तिने गुण घेतला, मग आणखी एक. शेवटी मी हरकत घेतली.

"सर्व्हिस करताना तळहात सपाट हवा. बोटांत चेंडू धरता येत नाही. नियम आहे."

"मंग द्या नोटीस," ती म्हणाली, आणि तळहात अगदी सपाट करून तिने पुढची सर्व्हिस केली. तीही मला परतवता आली नाही.

"उद्या जरा जल्दी निघू," घरी येताना तीच म्हणाली.