भिंतीवरचं पांढरं

घणसोली गावात आमची भाड्याची खोली तळमजल्यावर होती. पाळण्यामागच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरं आलं आणि घरमालकीण मावशींनी दारातूनच निकाल दिला, बुरशी आहे. मी लंगोट घरात वाळत घालते ना, म्हणून चूक माझी. पोराला आधीच धाप लागते, बुरशीत ठेवू नकोस, महिनाअखेर खोली खाली कर, असं वर मायेनं सांगितलं. त्या मायेचाच मला जास्त राग आला.

नवरा म्हणाला, कशाला टेन्शन घेतेस, दुसरी बघू. वा रे! अंगावरचं पोर घेऊन दारोदार फिरणार कोण, मीच ना? माझी चूक असती तर मुकाट्यानं निघाले असते. पण आधी कळू तर दे.

बुरशी मला चांगली ठाऊक होती. माहेरी कपाटामागे यायची, काळपट हिरवी, कुबट वासाची, बोट लावलं की पसरायची. हे बोटाखाली करकरत होतं, वासही नव्हता. नुसता ओलीचा डाग म्हणावा तर तो पिवळट आणि सपाट असतो. इथे रंगाचे पोपडे सुटून प्लास्टर भुरभुरत होतं. शिवाय मोरी समोरच्या भिंतीला, म्हणजे मी पाणी सांडते असं म्हणायलाही जागा नव्हती. मी ब्लेडनं थोडं पांढरं खरवडलं आणि वाटीतल्या पाण्यात टाकलं. बुरशी असती तर तशीच तरंगत राहिली असती. हे बघता बघता विरघळलं.

मी मावशींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा तेच केलं. तरी त्या अडून बसल्या. त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं भिंत पुसली होती, साफ गेलं, आणि वाळल्यावर परत उगवलं. जिवंत असल्याशिवाय उगवेल कसं? मी म्हटलं, पुसल्यानं ते विरघळून भिंतीतच मुरतं आणि भिंत वाळली की परत बाहेर येतं. जमिनीतली ओल ते वर आणते. कोरड्या ब्रशनं झाडायला हवं होतं.

मावशींच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. हे घरही त्यांनीच बांधलेलं, खाडीची रेती वापरून. मावशी भिंतीपाशी बसल्या, चिमूटभर पांढरं उचललं आणि मी अडवायच्या आत जिभेवर ठेवलं. 

"मीठच हाय गो," त्या म्हणाल्या. "आमच्याच घरातला."

चुकले म्हणतील असं वाटलं होतं. छे! उठताना एवढंच म्हणाल्या, "पालना त्या भिंतीपासून लांब सरकव."

"पाळणा सरकवते, मावशी," मी म्हटलं. "खोली सोडत नाही."