पाच बायांचा रकाना

माझ्या धाकट्या दिराचा रायपूरच्या औद्योगिक भागात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन मशीन, ती चालवणारा एक माणूस आणि खोकी जोडणाऱ्या पाच बाया. मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात पडला. पगाराचा प्रश्न आला नाही. घरच्या माणसाला पगार देणं आमच्याकडे अपमानाचं समजतात, आणि मीही तो अपमान कधी मागितला नाही.

पावसाळ्यात धंदा थंडच असतो. त्या वर्षी श्रावणात मशीन चक्क झोपलं होतं. तेवढ्यात एका नमकीनवाल्याने वीस हजार खोकी मागितली, सतरा रुपयांनी. आमचा नेहमीचा दर एकवीस, आणि सगळा खर्च धरून खोकं पडतं एकोणीस रुपये ऐंशी पैशांना. दीर म्हणाला, सरळ नाही म्हणून टाकतो. मी म्हटलं, थांबा, आधी खर्च वेगळे करू.

मी कागदावर दोन रकाने आखले. खोकी केली नाहीत तरी जो खर्च सुटत नाही, तो स्थिर: शेडचं भाडं, मशीनचा हप्ता, मशीनवाल्याचा महिन्याचा पगार. खोक्यामागे वाढतो तो बदलता: कागद, डिंक, तारेच्या पिना, टेम्पो. विजेचं बिल मधोमध फाडावं लागलं, कारण त्यातला ठरलेला आकार मशीन बंद असलं तरी येतो आणि युनिटचे पैसे चाललं तरच. हा बदलता खर्च भरला चौदा रुपये ऐंशी पैसे.

मग आल्या पाच बाया. हजेरीपुस्तकावर ‘रोजंदारी’ लिहिलेलं होतं आणि कॉलेजात मजुरी बदलत्या खर्चात शिकवली होती. मी डोळे झाकून त्यांचे खोक्यामागचे दोन रुपये साठ पैसे त्याच रकान्यात टाकले. बेरीज सतरा चाळीस. खोक्यामागे चाळीस पैसे तोटा, वीस हजारांवर आठ हजार. मी मोठ्या रुबाबात सांगितलं की ऑर्डर घेऊ नका.

दिराने मान डोलावली. मग चहा संपवून म्हणाला की काम नाही तर बायांना दिवाळीपर्यंत सुट्टीच देऊन टाकू. मी फक्त बेरीज केली होती. पाच घरांच्या चुली विझवायचा बेत त्यात नव्हता.

सुट्टीचा हिशेब करायला म्हणून हजेरीपुस्तक उघडलं आणि मला माझीच लाज वाटली. वीज गेली त्या दिवशी पाचही हजर. कागदाचा ट्रक आला नाही त्या आठवड्यात पाचही हजर, मजुरी पूर्ण. असं नऊ वर्षं. अशा दिवशी त्या डिंकाची पिंपं घासत. मी दिराला विचारलं, हे पैसे कधी कापलेच नाहीत का?

“वहिनी, मशीन चार दिवस बंद पडलं तं त्यांले काहून उपाशी ठेवू?” तो म्हणाला.

मग त्या रोजंदारीवर कुठे होत्या? नाव रोजंदारी, पैसे महिन्याचे. मी त्यांना स्थिर रकान्यात नेलं. आता खोक्यामागे दोन रुपये वीस पैसे सुटत होते, म्हणजे चव्वेचाळीस हजार. ऑर्डर महिन्याभराची, आणि बायांचा महिन्याचा पगार बावन्न हजार. ऑर्डर नाकारून त्यांना ठेवलं तर बावन्नही खिशातून, घेतली तर आठच. पण खरं सांगणं भाग होतं: बायांना काढून ऑर्डर नाकारली, तर तेही आठ वाचतात.

दिराने कागद माझ्याकडे परत सरकवला.

“आठ हजारासाठी नऊ वर्षांचे हात घालवू? लिहा फिक्समध्ये.”

ऑर्डर घेतली. खोकी कोरी, आमचं नाव न छापता, दर त्या एका महिन्यापुरता, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं.

पत्र्याच्या शेडमध्ये गुपित राहत नाही. दुसऱ्या दिवशी पाचांतली सगळ्यात जुनी बाई माझ्या टेबलापाशी आली. ती मूळची भंडाऱ्याकडची, पदराने हाताचा डिंक पुसत उभी राहिली.

“ताई, आमाले कोनत्या खान्यात टाकलं?”

मी कागद तिच्यापुढे केला आणि आनंदाने बोट ठेवलं. म्हटलं, पक्क्या खर्चात, हे बघा, भाड्याच्या खालीच. आता घाबरायचं कारण नाही.

तिने ती ओळ नीट पाहिली.

“हव. पन भाडं तं दरसाल वाढते ना, ताई,” ती म्हणाली आणि डिंक ढवळायला गेली.