अनामत परत मागणारा चौथा अर्ज

जत तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या दुरुस्तीचं टेंडर मी भरलं होतं. काम दुसऱ्याला मिळालं, त्याची वर्कऑर्डरही निघाली, पण डीडीनं भरलेली माझी अनामत सरकारी खात्याकडेच अडकून पडली. पोस्टानं पाठवलेल्या तीन अर्जांना साधं उत्तर नाही. चौथा लिहायला बसलो तेव्हा डोकं असं तापलं होतं, की ‘आमच्या पैशांवर किती दिवस बसणार?’ इथूनच सुरुवात केली.

बायकोनं तो वाचला आणि पेनानं माझा सगळा राग खोडून काढला. त्याच्या जागी टेंडरचा नंबर, कामाचं नाव, डीडीचा नंबर, तारीख, बँक आणि माझा खातेनंबर लिहिला. वर तिनं ‘विनंती अर्ज’ लिहिलं.

“मी काय भीक मागतोय?” मी ओरडलो.

“आवं, आपलंच पैसं मागताय. पण कुठलं, ते सांगाल का न्हाई?”

सांगलीच्या ऑफिसात मी तो अर्ज, डीडीची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक क्लार्कच्या टेबलावर आपटला. त्यानं सगळं तपासलं, शिक्का मारून पोच दिली.

“मग आधीचे तीन अर्ज काय रद्दीत घातले?” मी आवाज चढवला.

त्यानं कपाटातून तिन्ही काढून माझ्यासमोर ठेवले. एकातही टेंडरचा नंबर नव्हता, डीडीचा नव्हता. खाली नावाच्या जागी मीच ठसक्यात लिहिलं होतं, ‘एक अन्यायग्रस्त ठेकेदार’.

“या नावानं आमच्याकडं अनामत जमा नाही, साहेब,” तो म्हणाला.