लुगड्यापुढचा एक शब्द

त्या काळी धुळ्यातल्या एका कापड दुकानाचे सूचीपत्र मी लिहीत असे. दिवसा देवपुरातल्या शाळेत मुलांना व्याकरण शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी शेटजींच्या गादीच्या कडेला बसून लुगड्यांना विशेषणे लावायची, असा माझा दुहेरी संसार होता. विशेषणे लावताना मला भारी चढे. गावात एवढे शिकलेले लोक असताना शेटजींनी मलाच बोलावले, ह्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावून घेतला होता.

सूचीपत्र टपालाने जायचे. भडगाव, शिंदखेडा आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे ते वाचून पत्र टाकत आणि दुकानातून व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टमनला पैसे मोजून सोडवायच्या पार्सलाने, लुगडे जात असे. दुकानात येणारी बाई लुगड्याची घडी मोडते, पदर चोळून पाहते, उजेडात धरते आणि मग नाक मुरडते. टपालाच्या गिऱ्हाइकाला ह्यातले काहीच करता येत नाही. त्याच्या हाती नंबर, रंग, काठ, लांबी आणि त्यापुढे छापलेला एक शब्द, एवढेच. तलम, मुलायम, मखमली, झुळझुळीत. कापडाला हात लावायचे काम त्या एका शब्दाने करायचे असते, हे मला तेव्हा कळले नव्हते. मी तो शब्द कानाला कसा लागतो तेवढे पाही.

कापडाला हात लावून मी एकही शब्द लिहिला नाही, हे आज सांगताना लाज वाटते. नोकर घडीवरची चिठ्ठी वाचून दाखवी, मी घडीकडे एक नजर टाकी आणि लिही. गिरणीचे लुगडे चकाकत असे, म्हणून ते रेशमी. एकदा एका घरून पार्सल परत आले. त्यांना सोवळ्यासाठी खरे रेशीम हवे होते आणि हातात पडले सूत. शेटजी हसले. मीही हसलो. त्यावरून शहाणे व्हायचे माझ्या डोक्यात आले नाही.

दिवाळीच्या सूचीपत्रात शेवटच्या पानावर एक हातमागाचे लुगडे होते. धुळ्यातच एक विणकर आणि त्याचा मुलगा घरातल्या दोन मागांवर ती लुगडी विणत आणि शेटजींना देत. वीस नंबरी जाड सूत, लाल काठ. गड्याने घडी पुढे टाकली तेव्हा ती फळीसारखी ताठ होती. मी लिहिले, ‘जाडेभरडे.’ आणि वही मिटली.

संक्रांतीनंतर एका रविवारी दुपारी एक म्हातारी बाई काखेत गाठोडे घेऊन माझ्या दारात आली. त्या विणकराची बायको. दुकानात सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हटले. ती ओटीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “मास्तर, मन्हा लुगडानं काय लिखेल शे, वाचा बरं.”

मी सूचीपत्र काढून वाचले. ‘जाडेभरडे.’ त्याच्या आधीच्या ओळीत ‘रेशमी’, त्याच्या आधीच्या ओळीत ‘मखमली’. स्वतःच्या तोंडाने वाचताना तो शब्द मला जरा बोचलाच.

मग तिने काय झाले ते सांगितले. दिवाळीपासून त्यांच्या लुगड्याची टपालाने एकही मागणी आली नव्हती. ज्या गावांतून वर्षानुवर्षे येत असे तिथूनही नाही. शेटजींनी तिच्या नवऱ्याला सांगितले होते की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सूचीपत्रात हे लुगडे घालणार नाही, आता नवे आणू नका. शेटजींनी नाही म्हटले की अक्काच्या घराला माल द्यायला दुसरे दुकान नव्हते. मग मागावर बसायचे कशाला?

मी घाईघाईने म्हणालो, “अक्का, काळजी करू नका. शेटजींची समजूत घालतो. तो शब्द खोडतो आणि ‘मुलायम’ लिहितो. नाहीतर ‘रेशमी’च लिहू.”

तिने हाताने मला थांबवले. “रेशमी कसाले? सूत शे ते. भरड शे, खरं शे. पन पुढलं कोन लिखी?”

पुढलं म्हणजे काय, ते मला समजेना. आमची ही आतून ऐकत होती. तिला सातवा महिना होता, म्हणून ती बाहेर फारशी येत नसे. पण ह्या वेळी ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, कळत नसेल तर विचारा ना.” शाळेत मला कोणी असे बोलले असते तर त्याला मी बाकावर उभे केले असते. घरात मी निमूटपणे विचारले.

अक्का आम्हाला पांझरेच्या काठावर घेऊन गेली. घाट जवळच होता, म्हणून ही पण हळूहळू आली. नदीला पाणी बेताचेच होते, खडकांमधून वाहणारी एक धार. अक्काने गाठोडे सोडले. आत तीन कपडे होते: गिरणीच्या नव्या लुगड्याचा एक वार, तिच्या मागावरच्या नव्या लुगड्याचा एक वार आणि एक जुनी घडी. आधी तिने दोन्ही नवे तुकडे माझ्या हातात दिले. गिरणीचा हातातून निसटत होता, तिचा हाताला टोचत होता. मी लिहिले होते ते तंतोतंत खरे होते.

मग तिने दोन्ही पाण्यात बुडवले, चोळले, दगडावर आपटले. गिरणीच्या तुकड्यातून दुधासारखे पांढरे पाणी निघाले. धार गढूळ झाली आणि पुष्कळ वेळ गढूळच राहिली. ती चिनी माती आणि खळ होती. गिरणीत कापडाला ती चारतात आणि मग तापलेल्या रुळांखालून दाबून काढतात, म्हणून ते चकाकते आणि वजनदार लागते. अक्काच्या तुकड्यातूनही खळ निघाली, पण ती ज्वारीच्या पिठाची. विणताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, पाजलेली. तेवढी सुटली की खाली नुसते सूत राहते. हे सगळे तिने हात न थांबवता सांगितले. मी मात्र त्या पाण्याकडेच पाहत होतो. मी ज्याला रेशमी म्हटले होते ते पांझरेतून वाहून चालले होते.

तुकडे पिळून तिने झटकले. गिरणीचा आता विरविरीत झाला होता, आरपार दिसत होता. मी तिच्या तुकड्याला बोटे लावायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला.

“बोटे नको. तुमना बोटेस्ले खडू लागेल शे. गालले लावा.”

भर दुपारी, घाटावर, बायकोच्या देखत मी ओला कपडा गालाला लावला. मघाचा टोचरेपणा गेला होता. मऊ म्हणावे असा तो अजून झाला नव्हता, पण दुमडला तर दुमडत होता आणि सोडला तर पुन्हा सरळ होत होता. “आठ-दहा धुणे व्हऊ द्या,” ती म्हणाली आणि तिने ती जुनी घडी उघडली.

ते तिच्याच मागावरचे, कितीतरी वर्षे नेसलेले लुगडे होते. त्याचा लाल काठ फिकट गुलाबी झाला होता. तिने ते माझ्या हातात दिले नाही, माझ्या बायकोच्या हातात दिले. हिने ते गालाला लावले आणि डोळे मिटले. मग माझ्या हातावर तिने त्याचे एक टोक टाकले.

मला आजही तो स्पर्श सांगता येत नाही. हातावर काही पडले आहे हे कळत होते आणि तरी वजन लागत नव्हते. सायीला बोट लावावे तसे. माझ्याजवळ शब्दांची एवढी पोती भरलेली, पण त्यातला एकही शब्द पुढे येईना. मुलायम म्हणावे तर तो मी गिरणीला देऊन बसलो होतो. मखमलीही देऊन टाकला होता. तीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा गप्प बसलो, असे ही पुढे सगळ्यांना सांगत असे.

“बाळंतपणाला हेच लागतं,” ही म्हणाली. “आईने मला माहेरी सांगूनच ठेवलंय, जुनं हातमागाचं लुगडं शोधून ठेव.” आणि मला एकदम आठवले. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या अंगाला नवे कापड लावत नाहीत. घरातले सगळ्यांत जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे फाडून त्याची बाळोती करतात. मीही त्यातच गुंडाळला गेलो असणार. माझ्या अंगाला लागलेले पहिले कापड अशाच एखाद्या भरड लुगड्यातून आले होते आणि मी त्याला एका शब्दात शेवटच्या पानावर बसवले होते.

अक्काला मी म्हणालो, “मला माफ करा.” तिने गाठोडे बांधत नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी शेटजींकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा नाहीच म्हटले. भरड माल छापून आपण आपल्या पानाची शोभा का घालवायची, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना एवढेच विचारले की तुमच्या नातवाची बाळोती कशाची केली? शेटजी गादीवरून उठले. मग आत जाऊन आईला विचारून आले आणि म्हणाले, “लिहा काय लिहायचं ते. पण खरं लिहा.”

मी लिहिले: ‘नवे असता भरड. खळ गेल्यावर लवचीक. वर्षानुवर्षे नेसल्यावर साय. जुने झाले की बाळोत्यास उत्तम.’ आणि गिरणीच्या लुगड्यांपुढचे ‘रेशमी’ काढून मी ‘सुती, चकचकीत’ असे घातले. शेटजींनी तेही चालवून घेतले.

आखाजीच्या आधी मागण्या येऊ लागल्या. शिंदखेड्याच्या एका आजीने तर कुणाकडून तरी लिहून घेतले होते की, मला सात-आठदा धुतलेलेच पाठवा, मला वाट बघायला वेळ नाही. हे पत्र घेऊन मी आनंदाने अक्काच्या घरी गेलो. तिच्या घरी मी कधी गेलो नव्हतो.

माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो आणि विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. तिचा नवरा तसा बसून विणत होता. मी पत्र वाचून दाखवले, सूचीपत्रातली ओळ वाचून दाखवली. त्याने धोटा थांबवला आणि पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. अक्का पदराने डोळे पुसत हसत होती.

मग मी विचारले, “दुसरा माग कुठाय?”

तिने खिडकीखाली बोट दाखवले. तिथे खड्डा बुजवून वरून सारवले होते. दिवाळीनंतरच्या महिन्यात माग उकलून मालेगावला विकला होता आणि मुलगा जळगावच्या गिरणीत लागला होता. “पोऱ्याले आते तथंच बरं वाटस,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात मला दोष देणे नव्हते. तिला ते सुचलेही नसावे.

मी निघालो. दाराकडे जायला सरळ वाट त्या सारवलेल्या जागेवरूनच होती. मी पलीकडच्या भिंतीला धरून त्या जागेला वळसा घातला आणि बाहेर आलो.